‘लॉगिन कसं टेस्ट कराल?’

टेस्ट ऑटोमेशनच्या मुलाखतीत हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो, की उमेदवारांना तो सोपा वाटू लागतो. समोरचा माणूस स्क्रीनवर दोन चौकोन आणि एक बटण काढतो आणि म्हणतो, “हे लॉगिन. अजून एकही टेस्ट नाही. सुरुवातीपासून स्ट्रॅटेजी सांगा.” लगेच यादी सुरू होते: बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, दोन्ही रकाने रिकामे, फक्त ईमेल रिकामा, एसक्यूएल इंजेक्शन, मग ‘सेलेनियममध्ये पेज ऑब्जेक्ट मॉडेल वापरेन’. पाच मिनिटांत यादी संपते. मुलाखत घेणारा वहीत काही लिहीत नाही, कारण यादी पाठ करून येते आणि त्याने तर स्ट्रॅटेजी मागितली होती.

स्ट्रॅटेजी म्हणजे तीन निर्णय. काय बिघडलं तर कोणाचं नुकसान होईल, ते बिघडलेलं सगळ्यात स्वस्तात कुठे पकडता येईल, आणि कशाची टेस्ट आपण मुद्दाम लिहिणार नाही. या प्रकरणात एकच उदाहरण घेऊन हे तिन्ही निर्णय शेवटपर्यंत नेऊ.

आधी नियम पक्के करा

उदाहरण साधं ठेवू. ग्राहक ईमेल आणि पासवर्ड देऊन आत येतो. पाच वेळा पासवर्ड चुकला, की खातं पंधरा मिनिटं लॉक होतं. ‘पासवर्ड विसरलात?’ अशी लिंक आहे. मुलाखतीत एवढंच सांगितलं जातं आणि ते मुद्दाम अर्धवट असतं. राहिलेलं अर्धं तुम्ही विचारून घ्यायचं.

विचारण्यासारखं बरंच सापडतं. चार वेळा चुकल्यावर पाचव्यांदा बरोबर पासवर्ड दिला, तर मोजणी पुन्हा शून्यावर येते का? लॉक असताना कोणी प्रयत्न केला, तर पंधरा मिनिटं नव्याने सुरू होतात की जुनीच चालू राहतात? लॉक झालेल्या माणसाने पासवर्ड बदलून घेतला, तर लॉक निघतं का? यांतलं एकही उत्तर टेस्टरने ठरवायचं नसतं. पण ते ठरल्याशिवाय टेस्ट लिहिली, तर डेव्हलपरचा समज आणि टेस्टरचा समज यांची नुसती कुस्ती होते.

एक प्रश्न मात्र बहुतेकांना सुचत नाही: जे खातं अस्तित्वातच नाही, त्याच्यासाठी पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला तर काय दिसायला हवं? ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदिग्ध संदेश द्यायचा, म्हणजे कोणाचं खातं आहे हे बाहेरच्याला कळत नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण लॉक फक्त खऱ्या खात्यांनाच लागत असेल, तर सहाव्या प्रयत्नाला ‘खातं लॉक झालं आहे’ हा संदेश खऱ्या ईमेलवरच दिसेल. पहिल्या पाच संदेशांनी जे झाकलं, ते सहाव्याने उघडं पाडलं. म्हणून मोजणी टाइप केलेल्या ईमेलवर ठेवायची, खातं असो वा नसो. आपण तोच नियम धरू. चुकीच्या पासवर्डला सर्व्हर 401 देईल आणि पाच चुकांनंतर, खातं खरं असो वा खोटं, 429 देईल. एक टेस्टही लिहिण्याआधी डिझाइनमधला दोष सापडला. मुलाखत घेणाऱ्याचं पेन हलतं ते इथे.

नुकसानाच्या क्रमाने

नियम ठरले की धोके मांडायचे. आपल्या उदाहरणात मोठे धोके चार. पहिला, परका माणूस आत जातो. दुसरा, खरा ग्राहक बाहेर राहतो. तिसरा, आत गेल्यावर सेशन चुकीच्या हाती पडतं किंवा लॉगआउट करूनही जिवंत राहतं. चौथा, कोणाची खाती आहेत ही माहिती बाहेर जाते. बटणाचा रंग किंवा रकान्यातला फिकट मजकूर या यादीत खूप खाली येतो.

लॉक हा पहिल्या धोक्यावरचा इलाज आहे, पण त्यातूनच दुसरा धोका वाढतो. तुमचा ईमेल ज्याला माहीत आहे, तो दर पंधरा मिनिटांनी पाच चुकीचे पासवर्ड टाकून तुम्हाला दिवसभर बाहेर ठेवू शकतो. उलट, एकच सोपा पासवर्ड हजारो खात्यांवर एकेकदा वापरून पाहणारा या लॉकला कधीच सापडत नाही, कारण प्रत्येक खात्यावर त्याची एकच चूक नोंदली जाते. त्याला अडवायचं तर आयपी पत्त्यावर किंवा एकूण रहदारीवर वेगळी मर्यादा लागते. हे टेस्टने सुटत नाही, पण ही मर्यादा आहे का असं विचारणं टेस्टरचंच काम आहे.

आता प्रत्येक धोका कोणत्या थरावर तपासायचा ते ठरवू. माइक कोन यांनी 2009 साली आपल्या पुस्तकात मांडलेला टेस्ट पिरॅमिड बहुतेक उमेदवार फळ्यावर काढून दाखवतात: खाली भरपूर युनिट टेस्ट, मध्ये एपीआयच्या, वर थोड्या ब्राउझरच्या. काढायला हरकत नाही, पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग लॉगिनची कोणती टेस्ट कुठे?” नियम सोपा आहे. दोष ज्या सगळ्यात खालच्या थरावर दिसू शकतो, टेस्ट तिथे.

तळाचा थर: पासवर्डची लांबी

पासवर्ड तपासणारा कोड तळाच्या थरात बसतो. तिथे ब्राउझर लागत नाही, नेटवर्क लागत नाही आणि एका सेकंदात शेकडो टेस्ट होतात. रिकामा पासवर्ड, पुढे-मागे स्पेस, कमीत कमी लांबीच्या एक अक्षर आत आणि एक अक्षर बाहेर, असं सगळं इथेच उरकायचं. यातली एक सीमा मात्र निवांत पाहण्यासारखी आहे.

पासवर्ड साठवताना बीक्रिप्ट नावाची पद्धत फार वापरली जाते आणि ती पहिले 72 बाइटच विचारात घेते. त्यापुढचा भाग अनेक लायब्ररी मुकाट्याने सोडून देतात. इंग्रजी अक्षर एक बाइटचं असल्याने एवढा लांब पासवर्ड सहसा कोणी ठेवत नाही. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हं वेगळी मोजली जातात. ‘की’ या एका अक्षराचे सहा बाइट होतात. म्हणजे देवनागरीतली 24 चिन्हं झाली की 72 भरले. कोणी आवडतं वाक्य मराठीत टाइप करून पासवर्ड ठेवला, तर त्याचा उत्तरार्ध तपासलाच जाणार नाही. टेस्ट अगदी छोटी आहे: पहिले 72 बाइट सारखे आणि पुढे वेगळे असे दोन पासवर्ड घ्या, एकाने खातं उघडा, दुसऱ्याने आत जायचा प्रयत्न करा. आत गेलात तर दोष सापडला.

हा दोष कागदावरचा नाही. लॉगिनची सेवा विकणाऱ्या ओक्टा या अमेरिकी कंपनीने 2024 च्या ऑक्टोबरअखेर स्वतःच्या सेवेतला असाच एक दोष जाहीर केला. एका विशिष्ट प्रकारच्या लॉगिनमध्ये कॅशची किल्ली बनवताना वापरकर्त्याचा आयडी, त्याचं नाव आणि पासवर्ड हे तिन्ही जोडून बीक्रिप्टला दिले जात होते. नाव 52 किंवा जास्त अक्षरांचं असलं, की आयडी आणि नावातच 72 बाइट संपत आणि पासवर्ड हिशेबातच येत नसे. त्या माणसाने आधी एकदा यशस्वी लॉगिन केलेलं असेल आणि पडताळणी कॅशवरून होत असेल, तर नुसतं नाव पुरत होतं. ही चूक जुलैपासून होती. कंपनीने पुढे बीक्रिप्टऐवजी दुसरी पद्धत घेतली. लांब नावाची आणि चुकीच्या पासवर्डची एक युनिट टेस्ट असती, तर ती पहिल्याच दिवशी लाल झाली असती. रकाना किती लांब मजकूर घेतो हे सगळे तपासतात. दोन रकाने पुढे कुठे जोडले जातात का, हे विचारणारा उमेदवार विरळा.

याच थरावर चौथ्या धोक्याचाही एक भाग येतो. खातं नसेल तर कोड हॅश तपासायला जातच नाही, म्हणून उत्तर लवकर येतं. खातं असेल तर बीक्रिप्टच्या हिशेबाला वेळ लागतो. संदेश सारखा असला तरी घड्याळ फितुरी करतं. हे मिलिसेकंद मोजून तपासायचा मोह होतो, पण बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हरवर एकाच वेळी दहा कामं चालू असतात. अशी टेस्ट कधी पास, कधी फेल होत राहते आणि महिनाभरात तिच्याकडे कोणी बघत नाही. त्यापेक्षा खातं नसतानाही कोड एका खोट्या हॅशवर तोच हिशेब करतो का, एवढं युनिट टेस्टमध्ये पाहावं. वेळ न मोजता वेळेचा दोष पकडता येतो.

मधला थर: पंधरा मिनिटं थांबायचं कोणी?

लॉकचा नियम एपीआयच्या थरावर तपासायचा, कारण तो सर्व्हर आणि डेटाबेस मिळून पाळतात. इथे मुलाखतीतला नेहमीचा अडथळा येतो: “लॉक पंधरा मिनिटांनी उघडतं हे कसं तपासाल?” ‘स्लीप लावेन’ म्हणणाऱ्याची टेस्ट रोज सोळा मिनिटं खाईल. ‘टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये पंधराचं एक मिनिट करेन’ हे बरं उत्तर आहे, पण तेव्हा तपासला जातो तो एक मिनिटाचा नियम. चांगलं उत्तर असं, की सर्व्हरच्या कोडने वेळ थेट मशीनकडून न घेता बाहेरून दिलेल्या घड्याळाकडून घ्यावी, म्हणजे टेस्टमध्ये ते घड्याळ पुढे ढकलता येतं. हे डेव्हलपरकडे पहिल्याच आठवड्यात मागायचं असतं. सगळं बांधून झाल्यावर ते महाग पडतं.

```python
def test_lock_opens_after_15_minutes(api, clock, user):
    for _ in range(5):
        assert api.login(user.email, "chukicha").status == 401

    clock.forward(minutes=14, seconds=59)
    assert api.login(user.email, user.password).status == 429

    clock.forward(seconds=1)
    assert api.login(user.email, user.password).status == 200
```

ही टेस्ट नीट वाचली तर तिच्यात एक गृहीत लपलेलं दिसेल. मधला प्रयत्न लॉक असतानाच केला आहे आणि तरी एका सेकंदाने दार उघडावं अशी अपेक्षा आहे. म्हणजे लॉकमधला प्रयत्न मुदत वाढवत नाही, हे आपण धरून चाललो. सुरुवातीला तो प्रश्न विचारला होता तो यासाठीच. मुदत वाढते असं ठरलं असतं, तर ही टेस्ट दोन वेगळ्या टेस्टमध्ये फोडावी लागली असती.

लॉकची दुसरी टेस्ट अधिक मोलाची आहे. सर्व्हर मोजणी वाचतो, एक मिळवतो आणि परत लिहितो. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही ‘आतापर्यंत चार’ दिसतं आणि दोघीही ‘पाच’ लिहून जातात. पासवर्ड ओळखू पाहणारा प्रोग्राम नेमकं हेच करतो, एकामागून एक न पाठवता पन्नास रिक्वेस्ट एकदम सोडतो. म्हणून टेस्टनेही पन्नास चुकीच्या रिक्वेस्ट एकदम पाठवायच्या आणि उत्तरं मोजायची. जास्तीत जास्त पाचांना 401 मिळावा, बाकी सगळ्यांना 429. बारा 401 आले, तर सात अंदाज फुकटात मिळाले. ही टेस्ट खऱ्या डेटाबेसवरच चालवावी, प्रॉडक्शनला जो आहे त्याच जातीच्या. मेमरीत चालणाऱ्या नकली डेटाबेसवर ही शर्यत अनेकदा घडतच नाही आणि टेस्ट खोटी हिरवी राहते.

सेशनचा धोकाही इथेच उरकतो. लॉगिनच्या आधीचा सेशन आयडी आणि नंतरचा वेगळा हवा. तोच राहिला, तर कोणीतरी आधी दिलेल्या आयडीवर तुम्ही लॉगिन करता आणि तो माणूस तुमच्यासोबत आत येतो. कुकीवर `HttpOnly` आणि `Secure` हवेत. लॉगआउटनंतर तीच जुनी कुकी वापरून पुन्हा रिक्वेस्ट पाठवली, तर 401 यायला हवा. अनेक ठिकाणी लॉगआउट म्हणजे ब्राउझरमधली कुकी पुसणं एवढंच असतं आणि सर्व्हरवर सेशन चालूच राहतं. स्क्रीनकडे बघून हे कधीच कळत नाही, कारण स्क्रीनवर लॉगिनचं पान व्यवस्थित आलेलं असतं.

वरचा थर: ब्राउझरला मोजकंच द्या

एवढं खाली झाल्यावर ब्राउझरसाठी फार थोडं उरतं. बरोबर पासवर्ड देऊन माणूस योग्य पानावर पोचतो का. चूक झाल्यावर संदेश दिसतो का आणि टाइप केलेला ईमेल जागेवर राहतो का. बिलाच्या लिंकवर क्लिक करून आलेला माणूस लॉगिननंतर बिलावरच जातो का, की मुख्य पानावर फेकला जातो. लॉगआउटनंतर मागे जाण्याचं बटण दाबलं तर जुनी माहिती दिसते का. आणि माउस न वापरता, फक्त टॅब आणि एंटरने लॉगिन होतं का. चुकीच्या पासवर्डचे वीस प्रकार ब्राउझरमधून चालवायची गरज नाही. स्क्रीनच्या दृष्टीने ते सगळे एकच आहेत.

कॅप्चाचा प्रश्न इथे हमखास येतो. तो ऑटोमेट करायचा नसतो. प्रोग्रामला अडवण्यासाठीच तो तिथे आहे आणि तुमची टेस्ट हाही एक प्रोग्रामच आहे. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये तो बंद ठेवायचा किंवा पुरवठादाराने टेस्टिंगसाठी दिलेली किल्ली वापरायची, आणि प्रॉडक्शनवर तो चालू आहे का हे रिलीजनंतर हाताने पाहायचं. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचंही तसंच. टेस्टमध्ये संदेश पाठवणाऱ्या सेवेच्या जागी नकली सेवा ठेवून तिच्याकडून आकडा वाचायचा. खरा एसएमएस खऱ्या फोनवर पोचतो का, ही वेगळी आणि हळू तपासणी आहे. ती प्रत्येक बिल्डला जोडली, तर मोबाइल कंपनीची रेंज गेली की तुमचा रिलीज अडतो.

बाकीच्या तीनशे टेस्टचं लॉगिन

स्ट्रॅटेजीचा हा भाग बहुतेक उमेदवार विसरतात आणि अनुभवी माणूस नेमका इथे ओळखू येतो. प्रॉडक्टमधल्या जवळजवळ प्रत्येक ब्राउझर टेस्टला आधी लॉगिन लागतं. तीनशे टेस्ट असतील आणि प्रत्येकीने फॉर्म भरून आत जायला सहा सेकंद घेतले, तर फक्त दारात अर्धा तास जातो. शिवाय लॉगिनचं पान एक दिवस मंद झालं, की तीनशे टेस्ट लाल होतात आणि त्यांतल्या एकीचाही लॉगिनशी संबंध नसतो.

म्हणून लॉगिनच्या मोजक्या टेस्ट सोडून बाकीच्यांनी फॉर्मच्या वाटेने जायचं नाही. एपीआयने एकदा लॉगिन करून मिळालेली कुकी ब्राउझरला द्यायची. प्लेराइटमध्ये `storageState` वापरून ही अवस्था फाइलमध्ये ठेवून पुन्हा वापरता येते. सेलेनियममध्ये `addCookie` आहे, पण त्याआधी त्याच डोमेनवरचं एखादं पान उघडावं लागतं, नाहीतर ड्रायव्हर कुकी नाकारतो.

समांतर चालणाऱ्या टेस्टना एकच खातं दिलं, की नवा घोळ होतो. एका टेस्टने लॉगआउट केलं किंवा पासवर्ड बदलला, की दुसऱ्या धाग्यावरच्या टेस्टचं सेशन मध्येच मरतं. लॉगमध्ये दिसतं, की बिलाच्या पानाऐवजी लॉगिनचं पान आलं. पुन्हा चालवली की टेस्ट पास होते. टेस्ट एकटी चालवल्यावर कधीच फेल होत नाही आणि सगळ्यांबरोबर चालवली की अधूनमधून होते, ही या दुखण्याची खूण. इलाज एकच: प्रत्येक धाग्याला स्वतःचं खातं. आणि लॉक तपासणाऱ्या टेस्टला तर दर वेळी नवं, कारण तिचं खातं लॉक होऊनच संपतं.

शेवटची परीक्षा

इथवर आलेल्या उमेदवाराला बहुधा एक शेवटचा प्रश्न मिळतो: “पुढच्या महिन्यात ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण येणार आहे. तुमच्या स्ट्रॅटेजीतलं काय बदलेल?” धोके आणि थर नीट वेगळे केले असतील, तर उत्तर छोटं असतं. पासवर्डच्या लांबीच्या आणि लॉकच्या टेस्टना हात लागत नाही. सेशनच्या टेस्ट तशाच राहतात, फक्त त्या आता दोन्ही वाटांनी आत आलेल्या माणसासाठी चालवायच्या. ब्राउझरची एक टेस्ट वाढते. गूगलचं पान स्वतः चालवायचं नाही. ते आपलं नाही, कधीही बदलतं आणि प्रोग्रामला अडवतं. त्याच्या जागी टेस्टमध्ये नकली सेवा उभी करायची.

नवा धोका एकच, पण मोठा. एखाद्या ईमेलचं पासवर्डवालं खातं आधीपासून आहे आणि आता तोच ईमेल बाहेरच्या सेवेकडून आला, तर दोन्ही खाती आपोआप जोडायची का? ईमेल खरोखर त्या माणसाचा आहे असं बाहेरच्या सेवेने ठामपणे सांगितलेलं नसेल आणि तरी सर्व्हरने खाती जोडली, तर परका माणूस पासवर्डशिवाय आत जातो. इलाजाची टेस्ट एपीआयच्या थरावर बसते: नकली सेवेकडून ईमेल पाठवायचा, `email_verified` ची किंमत `false` ठेवायची आणि जुनं खातं उघडत नाही याची खात्री करायची. ही एक टेस्ट मुलाखतीत पूर्ण सांगता आली आणि ती ब्राउझरमध्ये का लिहायची नाही हेही सांगता आलं, तर प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. सुरुवातीच्या यादीतल्या बाकीच्या टेस्ट मागितल्या, तर त्या कोणत्या थरावर जातील हे समोरच्यालाही आता कळलेलं असतं.